दाराजवळचा खटका

छोटी चाळिशीला आली तरी घरात छोटीच राहिली. बाहेर लोक तिला एडिटरबाई म्हणत, तिचा स्वतःचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता, केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं. पण दादाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "छोटे, एक काम होतं." आणि दादाचं काम म्हटलं की ही बाई हातातलं सगळं बाजूला सारायची. तिला ते ऋण वाटायचं, आणि ते का वाटायचं ते सांगतेच.

या वेळचं काम मोठं होतं. बाबांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत एका मशीनवर सुरू केलेल्या छापखान्याला पन्नास वर्षं होत होती. बाबा गेल्यावर दादाने तो तीन मजल्यांवर नेला होता. आता त्याला कामगार, गिऱ्हाइकं आणि नातेवाईक यांच्यासमोर बारा मिनिटांचा सिनेमा दाखवायचा होता. जुन्या दिवसांचं चित्रीकरण कुठून असणार? हाताशी होते फक्त पाच-सहा फोटो. म्हणून सगळं एआयकडून करून घ्यायचं ठरलं. पटकथा दादानेच लिहिली होती, अगदी हिशोबी, सरळ. फक्त एका प्रसंगावर त्याने दोन पानं खर्च केली होती. आईचं बोट गेलं तो प्रसंग.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मशीनमध्ये कागद अडकला होता. मशीन बंद होतं. आईने उजवा हात आत घालून कागद ओढायला घेतला. तेवढ्यात सहा वर्षांच्या छोटीने आतल्या दारातून जोरात हाक मारली, "आई!" आई दचकून वळली, तिचा कोपर खटक्यावर आदळला, मशीन सुरू झालं आणि मधलं बोट दोन पेरांनिशी गेलं.

छोटीला त्यातल्या दोनच गोष्टी आठवत. स्वतःची हाक, आणि फरशीवरचं रक्त. मधलं सगळं तिला इतरांनी सांगितलेलं; मशीनच्या खोलीत ती पुन्हा कधी गेलीच नाही. तिला कुणी कधी टोमणा मारला नाही. "लहान होती बिचारी, तिला काय कळतंय," असंच सगळे म्हणायचे, आणि ते ऐकत ऐकत ती मोठी झाली. सातव्या वर्षापासून आईबरोबर भाजी चिरायला बसली. परगावच्या फिल्म शाळेत नंबर लागला होता, गेली नाही. आईच्या हाताला थंडीत कळा येत, तो कोण चोळणार? अजूनही तिला कुणाला दुसऱ्या खोलीतून हाक मारता येत नसे. स्टुडिओतसुद्धा ती उठून जायची आणि टेबलावर बोटाने टकटक करायची.

स्टुडिओत तिच्या जोडीला फोटोकाका होते. तीस वर्षं लग्नांचे फोटो काढून कंटाळलेला माणूस. आता ते पात्रांची आणि जागांची चित्रं तयार करायचे आणि त्यांतून क्लिपा काढायचे. छोटी त्या क्लिपा जोडायची.

लोकांना वाटतं, चार ओळी टाइप केल्या की सिनेमा बाहेर पडतो. पडतो ना, पण आठ सेकंदांचा. मग दुसरे आठ सेकंद मागा, आणि बघा गंमत. या यंत्राला मागचं काही आठवत नाही. पहिल्या क्लिपमध्ये आईची वेणी, दुसरीत अंबाडा, तिसरीत नाक भलत्याच बाईचं. खिडकी डावीकडची उजवीकडे. "मुलीचे आईवडील बदलले तरी चालतील, पण खिडकी जागेवर ठेव बाबा," असं फोटोकाका पडद्याला हात जोडून म्हणायचे.

त्यावर त्यांचा उपाय होता शीट. तरुणपणीच्या आईची एक शीट: समोरून, बाजूने, पाठमोरी, हात जवळून. बाबांची एक, छोटीची एक. आणि खोलीची एक, चारही कोपऱ्यांतून. प्रत्येक क्लिपचं पहिलं चित्र त्या शीटांवरूनच बनवायचं आणि मग त्याला हालचाल द्यायला लावायची. एका क्लिपचं शेवटचं चित्र पुढच्या क्लिपचं पहिलं म्हणून दिलं तर जोड छान बसतो, पण असं चार-पाच वेळा केलं की चेहरा हळूहळू गुळगुळीत होत जातो आणि रंग भडकतात. म्हणून दोन क्लिपांनंतर पुन्हा मूळ शीटकडे यायचं, हा छोटीचा नियम. अपघातानंतरच्या प्रसंगांत तर नाकी नऊ आले. यंत्र दर वेळी आईचं गेलेलं बोट परत आणून द्यायचं. पहिलं चित्र कापलेल्या बोटाचं दिलं तरी हात हलला की पाचवं बोट उगवायचंच. "आपल्यापेक्षा यालाच जास्त दया आहे," काका म्हणाले. छोटी हसली नाही. तिने त्या क्लिपा तीन-तीन सेकंदांवर छाटल्या, उरलेली चित्रं एकेक करून हाताने दुरुस्त केली.

खोलीची शीट करायला मात्र तिने कुणावर सोडलं नाही. दादाने पाठवलेल्या फोटोंतले दोन कामाचे होते. एक उद्घाटनाचा, बाबा मशीनवर हात ठेवून उभे, मागची सगळी भिंत कोरी. दुसरा अपघातानंतरच्या वर्षाचा, दादा नव्या सायकलसह रस्त्याकडच्या दारात, त्याच्या खांद्यामागे चौकटीला लागून लोखंडी पेटी आणि तिचा वर उचललेला दांडा. म्हणजे मशीनचा खटका. तिने पहिला फोटो मोठा करून पाहिला. त्यातही त्याच चौकटीपाशी पेटीची अर्धी कड दिसत होती. फोटोंतल्या फरशा मोजून तिने खोलीचा नकाशा काढला, तेव्हा मशीन आणि खटका यांच्यात चांगलं सात पावलांचं अंतर निघालं. काकांनी त्या नकाशावरून शीट बनवली, आणि अपघाताच्या अकरा क्लिपा, सत्तावन्न ते सदुसष्ट, तयार झाल्या.

त्या जोडायला बसली आणि गाडी अडली. एकसष्टमध्ये आईचा हात मशीनमध्ये. बासष्टमध्ये आतल्या दारात मुलगी हाक मारते. त्रेसष्टमध्ये कोपर खटक्यावर आदळायला हवा. पण शीटप्रमाणे खटका होता पार दाराशी. काकांनी तीन वेळा करून पाहिलं. एकदा आई हात सोडवून सात पावलं चालत गेली, एकदा तिचा हातच रबरासारखा लांब झाला, एकदा खटका भिंतीवरून सरकत तिच्याजवळ आला.

छोटीने दादाला फोन लावला. "दादा, खटका दाराशी आहे. कोपर पोचणार कसा?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "मशीनजवळ घे ना. पन्नास वर्षांपूर्वीची खोली, कोण बघायला येतंय?"

"दोन्ही फोटोंत तो दाराशीच आहे."

"छोटे, तुझं ना नेहमीचंच. सिनेमा आहे तो, पंचनामा नाही."

छोटीला वाटलं, फोटोच आपल्याला फसवत असतील. स्वतःवर शंका घ्यायची तिला सवयच होती. आईला विचारू, असं ठरवून ती दोन दिवस दुसऱ्या एका कामासाठी बाहेर गेली.

परतली तर फोल्डरमध्ये अकराच्या अकरा क्लिपा नव्या. ओळीने लावून पाहिल्या. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. हात, हाक, कोपर. कसं लोण्यासारखं जुळलं होतं. खटका मशीनच्या शेजारी, आईच्या कोपराच्या उंचीवर.

आधी तिला वाटलं, यंत्राने घोळ घातला आणि तो नशिबाने पथ्यावर पडला. मग तिने अकरा क्लिपांमधली पेटी मोठी करून शेजारी शेजारी ठेवली. सगळीकडे चार स्क्रू. सगळीकडे खालचा उजवा कोपरा चेपलेला. सगळीकडे दांड्याच्या मुठीला तेच काळं कापड गुंडाळलेलं. ती बघत राहिली. यंत्राची चूक असती तर प्रत्येक क्लिपमध्ये वेगळी असती. एकात तीन स्क्रू, एकात पेटीच गायब. वर्षभर या चुकांशी झगडून तिला त्यांचा स्वभाव कळला होता. अकरा वेळा तीच चूक कुणी करत नाही. ते कुणीतरी बसवलेलं असतं.

तिने खोलीची शीट उघडली. नाव तेच, चित्र वेगळं.

ती उठली, काकांच्या टेबलापाशी गेली, टकटक केली. "शीट कुणी बदलली?"

"दादांनी सांगितलं होतं," काका म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे म्हणाले. स्वतः कागदावर काढून पाठवलं, हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला.

कागदावर पेनाने काढलेली खोली होती. मशीन, मशीनजवळ पेटी, पेटीचा चेपलेला कोपरा, मुठीचं कापड. इतक्या वर्षांनी दादाला त्या पेटीचं कापडसुद्धा आठवत होतं. खाली एक ओळ लिहिली होती: दाराजवळ कोणीही उभं दिसू नये.

छोटीने ती ओळ पुन्हा वाचली. पटकथेत दाराजवळ कुणी नव्हतंच. क्लिपांत कुणी नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

सात पावलं लांब, दाराच्या चौकटीशी, पंधरा वर्षांचा दादा. बंद मशीन. आत आईचा हात. कोपराचा काही संबंध नव्हता आणि हाकेचाही नव्हता. हाक मारली असेल, मुलं मारतातच. ती नसती मारली तरी ते बोट जाणारच होतं.

"बाई, माझं काही चुकलं का?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला फसवलं, काका," ती म्हणाली. "माझ्याच नावाने."

दुपारीच ती लॅपटॉप घेऊन दादाच्या घरी गेली. आई दादाकडेच राहायची. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, शाल मांडीवर आणि उजवा हात शालीखाली, नेहमीसारखा. छोटीने काही न बोलता नव्या क्लिपा लावल्या. आईने त्या पाहिल्या. तरुण आई वळली, कोपर आदळला, पडदा काळा झाला.

"खूप छान केलंस गं," आई म्हणाली.

"आई, खटका कुठे होता?"

आई पडद्याकडे बघत राहिली. मग खिडकीकडे. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

बस्स. एवढ्यावरच कळायचं ते कळलं. आई 'मशीनजवळ' म्हणाली असती तर छोटीने तेही मानलं असतं, इतकी ती भोळी होती. दादाने फसवलं हे तिने वाटेत कसंबसं गिळलं होतं. पण आईला माहीत असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

"तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "चौतीस वर्षं."

"बाबांचा राग तुला माहीत नाही. तू लहान होतीस." आई हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती, हे तिने मनात कितीतरी वेळा बोलून ठेवलं असणार. "दादाला वाटलं, माझा हात निघाला. त्याने खटका ओढला. बाबांना कळलं असतं तर त्यांनी त्याला सोलून काढला असता, घराबाहेर घातला असता. म्हणून मी हाकेचं आणि कोपराचं सांगितलं; त्या गोंधळात खटका कुठे आहे याचा विचार त्यांनीही केला नाही. तू सहा वर्षांची. तुला कोण काय म्हणणार होतं? लहान मुलावर आळ टिकत नाही, विसरतात लोक."

"मी नाही ना विसरले."

"मला वाटलं विसरशील."

"तुझा हात मी चोळायचे रोज रात्री. तेव्हा तुला काय वाटायचं?"

आईने शालीखालचा हात आणखी आत घेतला.

एवढ्यात दादा वरच्या मजल्यावरून खाली आला. लॅपटॉप बघून जिन्यावरच थांबला. पन्नाशीला आलेला माणूस, तीन मजल्यांचा मालक, चोरी पकडलेल्या पोरासारखा कठड्याला धरून उभा.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी? शंभर वर्षांच्या सिनेमात?"

"छोटे, बाबा असेपर्यंत सांगता आलं नाही. नंतर वाटलं, आता उकरून काय मिळणार."

"गप्प राहिलास ते एक वेळ समजले असते. पण तू तेच पुन्हा माझ्याच हातांनी करून घेत होतास. माझ्या माणसाला माझं नाव सांगून. केसाने गळा कापलास, दादा, आणि वर मलाच कात्री धरायला लावलीस."

दादा जिन्याच्या पायरीवर बसला. रडेल असं वाटलं, पण रडला नाही. तेवढ्यात आई बोलली, आणि जे बोलली ते छोटीला त्या सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

"आता झालं ते झालं. सिनेमा आहे तसाच दाखव. एवढ्या लोकांसमोर त्याची मान खाली जायला नको. तुझं काय गं, तुला सवय आहे."

छोटीने लॅपटॉप मिटला. चपला घातल्या. आईच्या पाया पडायची रीत होती जाताना, ती पडली नाही.

स्टुडिओत आल्यावर तिने काकांना सांगितलं, जुनी शीट काढा. मूळ शीट तिने स्वतःच्या डिस्कवर ठेवलेली होती. काकांनी नऊ क्लिपा तिच्यावरून पुन्हा काढल्या, बासष्ट आणि त्रेसष्ट सोडून.

"दाराशी मुलगा दाखवू का?" काकांनी चाचरत विचारलं. त्यांना आता सगळं ठाऊक होतं. "दादांचा सायकलवाला फोटो आहे. शीट अर्ध्या तासात होईल. चेहरा अगदी हुबेहूब आणतो."

छोटीने तो सायकलवाला फोटो उघडला. मोह झाला तिला, का होऊ नये? सगळ्या नातेवाइकांसमोर, भल्यामोठ्या पडद्यावर, हात खटक्याकडे जाताना.

"नको," ती म्हणाली. "मी तिथलं पाहिलेलं नाही. न पाहिलेलं दाखवायचं, ते दादाचं काम."

मग ती जोडायला बसली. साठ: खोली पूर्ण, दार उघडं, चौकटीला पेटी, दाराशी कुणी नाही. एकसष्ट: आईचा हात मशीनमध्ये. बासष्ट, आतल्या दारातली मुलगी, तिने काढून टाकली. त्रेसष्ट, कोपर, काढून टाकली. चौसष्ट: पेटीचा दांडा खाली आलेला, मशीनचं चाक फिरतं. एकसष्टच्या शेवटाला तिने चौसष्ट आणून लावली, दोन्ही चित्रांखाली रस्त्याचा आवाज सलग ठेवला आणि चालवून पाहिली.

कुठे धक्का नव्हता. उजेड जुळत होता, हाताची दिशा जुळत होती. तिने चार वेळा, पाच वेळा पाहिलं, एडिटर म्हणून पाहिलं, खोट काढायला पाहिलं. ती मुलगी तिथे कधी होती असं वाटतच नव्हतं. सबंध सिनेमाभर जोड लपवायला तिने इतकी धडपड केली होती, आणि हा एकच जोड असा निघाला की तिथे काही करावंच लागलं नाही.

छोटीने तोंडावर हात ठेवला आणि ती रडली. सुटल्याचं रडू नव्हतं ते. चौतीस वर्षं ज्यांच्यासाठी राबली, त्यांना तिची गरज फक्त या आठ सेकंदांपुरती होती, याचं होतं. काका उठून बाहेरच्या खोलीत गेले.

संध्याकाळी तिने सिनेमा दादाला पाठवला. सोबत दोनच ओळी लिहिल्या: हाच सिनेमा आहे, दुसरा मिळणार नाही. दाराशी कोण होतं हे लोकांनी विचारलं तर तू सांग.

तासाभराने फोन वाजला. नाव दादाचं, आवाज आईचा.

"बघितला आम्ही," आई म्हणाली. मागे दादाचा खोकला ऐकू आला. "सगळं आहे त्यात. पण अगं, त्या वेळी तू कुठेच दिसत नाहीस."

"मी नव्हतेच, आई."

आईने विचारलं, "दादाला देऊ का?"

"नको," छोटी म्हणाली आणि फोन ठेवला.